मुंबईतली फुल मॅरेथॉन: पेस आणि अंगातल्या उष्णतेचा हिशेब

प्रश्न: वजन 70 किलो, वय 38, राहायला पुण्यात. डिसेंबरमध्ये पुण्यातच हाफ 2 तास 5 मिनिटांत केली. आता जानेवारीत मुंबईत पहिली फुल. टार्गेट साडेचार तास. सगळे म्हणतात, मुंबईत तीस किलोमीटरनंतर अंग तापतं आणि माणूस बसतो. पेस किती ठेवू? आणि दर थांब्यावर डोक्यावर पाणी ओततात त्याचा खरंच उपयोग होतो का?

उत्तर:

पहिल्या हाफला किलोमीटरला 6:35 मिनिटं, तिथून 32 किलोमीटरपर्यंत 6:45 आणि शेवटच्या दहाला 7:00. एकूण 4 तास 44 मिनिटं होतात. तुमच्या हाफच्या वेळेवरून थंड हवेत साडेचार तास अगदी शक्य दिसतात, त्यामुळे ही चौदा मिनिटं तुम्हाला उगाच सोडल्यासारखी वाटतील. ती कुठे जातात ते समजून घ्या, म्हणजे शर्यतीच्या दिवशी पाय शिवशिवत असतानाही हात आखडता ठेवता येईल.

धावताना दर किलोला दर किलोमीटरमागे साधारण एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे तुमच्या प्रत्येक किलोमीटरला 70. त्यातला जेमतेम पाव हिस्सा तुम्हाला पुढे नेतो. बाकीची, धरून चालू 55 किलोकॅलरी, नुसती उष्णता असते. आता शरीराची बाजू बघा. 70 किलोच्या शरीराचं तापमान एक अंशाने वाढायला साधारण 58 किलोकॅलरी लागतात. म्हणजे उष्णता बाहेर जाण्याच्या सगळ्या वाटा बंद झाल्या, तर प्रत्येक किलोमीटरला तुम्ही जवळजवळ एक अंशाने तापाल. तसं होत नाही, कारण घाम वाळताना उष्णता घेऊन जातो. एक लिटर घाम पूर्ण वाळला की साधारण 580 किलोकॅलरी जातात. 42 किलोमीटरची 2300 किलोकॅलरी उष्णता फक्त घामाने घालवायची म्हटली तर चार लिटर घाम वाळावा लागेल. इथे ‘वाळावा’ हा शब्द महत्त्वाचा. कोपरावरून टपकून रस्त्यावर पडलेल्या घामाने अंग थंड होत नाही. त्यातून फक्त पाणी आणि मीठ जातं.

या हिशेबात एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. दर किलोमीटरची उष्णता पेस बदलला तरी जवळपास तेवढीच राहते. बदलते ती ताशी उष्णता. साडेचार तासांचा पेस म्हणजे 6:24. त्या पेसने तासाला 9.4 किलोमीटर होतात आणि 516 किलोकॅलरी उष्णता तयार होते. 6:45 ने 8.9 किलोमीटर होतात आणि 489. फरक 27 किलोकॅलरींचा. ऐकायला किरकोळ वाटतो, एका लहान केळ्याच्या ऊर्जेपेक्षाही कमी. पण हवेने जेवढा घाम वाळवून घ्यायचा तेवढा ती घेत असेल आणि पुढे जागाच उरली नसेल, तर या 27 किलोकॅलरी अंगातच साठतात. 58 ने भागा: तासाला जवळजवळ अर्धा अंश. दोन तासांत एक. सहज धावताना शरीर 38.5 ते 39 च्या आसपास स्थिरावतं, ते नेहमीचंच. त्यावर आणखी एक अंश चढला तर तुम्ही चाळिशीला टेकता. किलोमीटरमागच्या एकवीस सेकंदांची ही किंमत आहे.

हवा थंड आणि कोरडी असेल तर हाच फरक शरीर थोडा जास्त घाम वाळवून सहज निभावून नेतं. म्हणून पुण्यात डिसेंबरच्या पहाटे 5:55 ने हाफ जमली. मुंबईत तुमचे पाय तेच असतील, हवेची घाम वाळवण्याची ताकद मात्र वेगळी असेल.

ही ताकद ओळखायची कशी? बहुतेक जण फोनवर आर्द्रतेची टक्केवारी बघतात आणि फसतात. पहाटे पाचला 20 अंश आणि 80 टक्के दिसतं, साडेनऊला 28 अंश आणि 50 टक्के. वाटतं, हवा कोरडी झाली. प्रत्यक्षात हवेत बाष्प तेवढंच असतं, दोन्ही वेळी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं दव व्हायला लागतं ते, साडेसोळाच्या आसपास येतो. हवा तापली म्हणून टक्का घसरला, एवढंच. बघायचा आकडा दवबिंदूचा. हवामानाच्या बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो असतो. माझा ढोबळ नियम असा: आदल्या दिवशी दवबिंदू 15 किंवा त्याखाली दिसला तर वरच्या पेसमधून किलोमीटरला पाच सेकंद कमी करायला हरकत नाही. 18 च्या वर गेला तर पंधरा सेकंद वाढवा. 20 च्या वर असेल तर वेळेचं टार्गेट घरी ठेवून या. पावसाळ्यात तो 24-25 वर असतो. म्हणून जुलैत 27 अंशांतसुद्धा जीव नकोसा होतो.

मग पहाटे आणि साडेनऊमध्ये बाष्प तेवढंच असेल तर तीसनंतर माणूस का बसतो? दोन कारणं. त्वचा साधारण 33 अंशांची असते. हवा 20 ची असताना मधलं अंतर 13 अंशांचं असतं आणि घामाशिवायही बरीच उष्णता नुसत्या हवेत निघून जाते. हवा 28 ची झाली की अंतर 5 उरतं, ती वाट निम्म्याहून जास्त अरुंद होते. दुसरं कारण ऊन. जानेवारीच्या मध्याला मुंबईत सूर्य सव्वासातच्या सुमाराला उगवतो. पाचला सुरुवात धरली तर वरच्या पेसने तुमची हाफ 2:19 ला होते, म्हणजे बरोबर सूर्योदयाला. अर्धी शर्यत अंधारात, अर्धी उजेडात, आणि आठनंतर ऊन अंगावर उष्णता टाकायला लागतं. दमलेले पाय, तापती हवा आणि ऊन एकाच वेळी भेटतात.

यावर हमखास सुचणारा उपाय म्हणजे ‘थंड आहे तोवर पळून घेऊ, दहा मिनिटं गाठीशी बांधू.’ मुंबईत सर्वांत जास्त शर्यती या एका विचाराने बिघडतात. अंधारात 6:10 ने धावलात तर दोन गोष्टी होतात. स्नायूंमधला ग्लायकोजेनचा साठा लवकर संपतो, आणि ऊन येण्याआधीच शरीर अर्धा अंश वर जाऊन बसलेलं असतं. ती उष्णता पुढे परत देता येत नाही, कारण देण्याची वाटच त्यानंतर अरुंद होते. मी पहिल्या हाफला 6:35 आणि पुढे 6:45, 7:00 लिहिलं, त्यात थंड वेळेचा जेवढा फायदा घ्यायचा तेवढा घेतलेला आहे. श्रम सारखेच राहतात, घड्याळ मात्र हळूहळू मागे सरकतं.

घड्याळात हृदयाचे ठोके दिसत असतील तर पेसपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवा. उष्णतेत रक्ताचे दोन गिऱ्हाईक होतात, स्नायू आणि त्वचा. त्यातच घामाने रक्तातलं पाणी घटतं. त्यामुळे पेस तोच ठेवला तरी ठोके दहा-पंधराने वर सरकतात. स्वतःचे कमाल ठोके चढावरच्या जोरदार सरावातून माहीत करून घ्या. ‘220 वजा वय’ अनेकांना दहाने चुकवतं. ते 180 असतील असं धरू. हाफपर्यंत 145 ओलांडायचे नाहीत, 32 पर्यंत 153. 6:35 ला 150 दिसत असतील तर त्या दिवशी तुमचा पेस 6:35 नाही, 6:50 आहे. मनगटावरचा सेन्सर घामात कधी कधी पावलांची लय ठोके म्हणून दाखवतो. आकडा एकदम 170-175 ला जाऊन तिथेच चिकटला आणि श्वास मात्र शांत असेल तर पट्टा घट्ट करून पुन्हा बघा.

पेडर रोडसाठी वेगळं सांगायला हवं. मार्ग वर्षागणिक थोडाफार बदलतो, पण परतीची ती चढण शेवटच्या टप्प्यात, ऊन चढल्यावर येते. चढावर श्रम वाढतात आणि वेग घटतो. वारा नसतो तेव्हा अंगावर येणारी हवा ही तुमच्याच वेगाची असते, सपाटीवर सेकंदाला जवळपास अडीच मीटर. चढावर ती कमी होते, घाम वाळणं मंदावतं आणि नेमकी तिथेच उष्णता जास्त बनते. म्हणून पेस धरून चढू नका. आठच्या पेसने जा किंवा सरळ झपझप चाला. दोन-तीन मिनिटं जातील, पण उतारावर पुन्हा धावण्याच्या अवस्थेत असाल.

उष्णतेपुढे तयारी कितीही असली तरी पेस सोडावाच लागतो याचं मोठं उदाहरण 2019 च्या दोहातल्या जागतिक स्पर्धेचं. महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री ठेवूनही हवा 32 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता 70 टक्क्यांच्या वर होती. 68 जणी निघाल्या, 40 जणींनीच शर्यत पूर्ण केली. जिंकणारीची वेळ 2:32:43, त्याच वर्षी जानेवारीत दुबईत तिने 2:17:08 दिली होती. जगातली अव्वल धावपटू अकरा टक्के मागे आली, म्हणूनच पहिली आली. तुमचे 4:30 चे 4:44 म्हणजे पाच टक्के.

आता सवय. पुण्यातल्या पहाटेच्या दहा-बारा अंशांतला सराव तुम्हाला मुंबईसाठी तयार करत नाही. शर्यतीच्या आधीच्या तीन आठवड्यांत आठवड्याचे चार सोपे रन पहाटेऐवजी दुपारी बारा ते तीनच्या दरम्यान करा. पहिल्यांदा 40 मिनिटं, मग वाढवत 75 पर्यंत, नेहमीपेक्षा किलोमीटरला 30-40 सेकंद हळू. चार-पाच वेळांतच रक्तातलं पाणी वाढतं आणि त्याच पेसला ठोके कमी दिसायला लागतात. घाम लवकर सुटणं आणि जास्त सुटणं यायला दहा ते चौदा दिवस लागतात. शेवटचे चार दिवस सोडून द्या, कमावलेलं तेवढ्यात जात नाही. लाँग रन मात्र पहाटेच ठेवा. तो उन्हात केला तर आठवडाभर पाय उठत नाहीत.

पाण्याबद्दल. बाहेरून ओतलेलं पाणी दोन तऱ्हांनी काम करतं. त्यातलं जे वाळतं ते घामाइतकंच गार करतं. नुसतं थंड असण्याचा फायदा त्यामानाने अगदी थोडा: दहा अंशांचं 200 मिलीलिटर पाणी अंगावर तापून 33 झालं तरी साडेचार किलोकॅलरीच घेतं, आणि तेवढंच पाणी पूर्ण वाळलं तर 116. पण तुमचं अंग आधीच घामाने निथळत असेल तर हवा आणखी पाणी वाळवून घेऊ शकत नाही. वर ओतलेलं खाली गळतं. म्हणून ओतण्याआधी एका हाताने दुसऱ्या हाताच्या मनगटाच्या वरच्या भागावरून बोटं फिरवा. खरखरीत मीठ लागलं, त्वचा कोरडी वाटली, तर पाणी ओता: दोन्ही हात, मानेची मागची बाजू, मांड्या. बोटं ओली झाली आणि थेंब ओघळले, तर ओतू नका, प्यायचं असेल तर प्या. ओतताना कमरेत थोडं पुढे वाका, म्हणजे पाणी पाठीवरून पायांत आणि बुटांत उतरणार नाही. ओल्या मोज्यांनी दहा किलोमीटरमध्ये टाचेला फोड येतात.

डोक्यावर पाणी घेतल्यावर जे एकदम बरं वाटतं त्यापासून सावध राहा. चेहरा आणि डोकं फार संवेदनशील असतं, तिथे थंड लागलं की मेंदूला वाटतं सगळं आलबेल आहे. आतलं तापमान तसूभरही उतरलेलं नसतं, पाय मात्र जोर धरतात. ओतल्यानंतरच्या पाच मिनिटांत पेस वाढू द्यायचा नाही, ठोक्यांवर नजर ठेवायची.

ज्याने खरोखर उष्णता बाहेर काढता येते ते म्हणजे बर्फ. एक किलो बर्फ वितळून त्वचेइतका तापेपर्यंत साधारण 113 किलोकॅलरी घेतो. पाव किलो बर्फ म्हणजे 28, म्हणजे वर काढलेला 6:24 आणि 6:45 मधला एका तासाचा फरक. यातला काही भाग हवेतूनही वितळतो, तेव्हा सगळा फायदा तुम्हाला मिळत नाही, तरी ओतलेल्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त मिळतो. थांब्यावर बर्फ मिळेलच असं धरू नका. घरचं कोणीतरी थर्मास घेऊन 28 ते 30 किलोमीटरच्या मध्ये उभं राहू शकलं तर उत्तम. जुन्या सुती ओढणीची लांब पट्टी कापा, त्यात बर्फाचे खडे ओळीने गुंडाळा आणि मानेभोवती सैल गाठ मारा. वितळलेलं पाणी छातीपाठीवर पसरतं आणि वाळतंही. उरलेले खडे टोपीखाली. खडा थेट त्वचेवर एकाच जागी दाबून धरू नका.

निघण्यापूर्वी अर्धा तास बारीक कुटलेल्या बर्फात लिंबूपाणी घालून ग्लासभर चाखतमाखत खाल्लंत तर सुरुवातच थोड्या खालच्या तापमानावरून होते. बर्फ पिण्याच्या पाण्याचा, घरी जमवलेला असावा. आणि हे आधी दोन लाँग रनला करून बघा. काहींच्या पोटात याने कळ येते.

पिण्याचं प्रमाण घामावरून ठरतं. दुपारच्या रनच्या आधी लघवी करून कपड्यांशिवाय वजन करा, तासभर धावा, अंग कोरडं पुसून पुन्हा वजन करा. 70.0 चे 69.1 झाले आणि मध्ये 300 मिलीलिटर प्यायलात, तर घाम ताशी 1.2 लिटर. तो सगळा भरून काढायचा नसतो. ताशी 500 ते 600 मिलीलिटर, तहानेप्रमाणे थोडं इकडेतिकडे, निम्मं साधं पाणी आणि निम्मं ओआरएस. शर्यतीअखेर वजन दोन-तीन टक्क्यांनी उतरलेलं चालतं, वाढलेलं चालत नाही. घाबरून दर थांब्यावर दोन-दोन ग्लास पिणाऱ्या, पाच-सहा तास रस्त्यावर असणाऱ्या धावपटूंच्या रक्तातलं सोडियम धोकादायक पातळीला उतरतं. अंगठी बोटात रुतणं, पोट डचमळणं, डोकं गरगरणं ही त्याची सुरुवात. यात आणखी पाणी देणं घातक असतं.

शर्यतीच्या आधीच्या तीन-चार दिवसांत ताप किंवा जुलाब झाले असतील तर ही शर्यत सोडा. गोळी घेऊन ताप उतरवून उभं राहू नका. धावण्याने चढलेलं तापमान पॅरासिटामॉलने उतरत नाही, आणि आयबुप्रोफेन घाम गाळणाऱ्या शरीरातल्या मूत्रपिंडांवर ताण आणतं.

उष्माघाताची ओळख म्हणून ‘घाम थांबतो’ असं सांगितलं जातं. धावपटूंमध्ये ते बहुतेक वेळा खोटं ठरतं, माणूस घामाने भिजलेला असतो आणि आतून 41 असतो. खरी खूण वागण्यात दिसते. उन्हात अंगावर काटा येणं, हुडहुडी भरणं, पाय वेडेवाकडे पडणं, विनाकारण चिडणं, विचारलं एक आणि उत्तर भलतंच. काटा किंवा हुडहुडी जाणवली तर थांबा, सावलीत जा, बर्फ मागा. शर्यत तिथे संपली.

दुसरा कोणी असा दिसला तर बिब नंबर विचारा. धड सांगता आला नाही तर आधी थंड करा, मग हलवा. कपाळावरचा किंवा काखेतला थर्मामीटर अशा वेळी दोन-दोन अंश कमी दाखवतो. वैद्यकीय तंबूत गुदद्वारातून मोजतात ते याचसाठी. बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर मानेपर्यंत बुडवून पाणी सतत ढवळायचं. नसेल तर ताडपत्रीवर निजवून चौघांनी कडा उचलायच्या, मध्ये पाणी आणि बर्फ ओतून ताडपत्री हलवत राहायची. तेही नसेल तर बर्फाच्या पाण्यात पिळलेले टॉवेल सगळ्या अंगावर, दर दोन मिनिटांनी बदलत. टबात मिनिटाला साधारण 0.2 अंश उतरतात, म्हणजे 41.4 वरून 39 वर यायला बारा मिनिटं. 39 ला बाहेर काढायचं, नाहीतर तापमान फार खाली घसरतं. अमेरिकेतल्या फालमाउथच्या ऑगस्टमधल्या सात मैलांच्या शर्यतीत याच पद्धतीने अठरा वर्षांत उष्माघाताच्या 274 रुग्णांवर उपचार झाले आणि सगळे वाचले. सात मैल म्हणजे सव्वाअकरा किलोमीटर. अंतर कमी असलं की लोक जोरात पळतात आणि ताशी उष्णता जास्त बनते, त्यामुळे हा धोका फुलइतकाच दहा किलोमीटरवाल्यांनाही आहे. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

फिनिश लाइन ओलांडल्यावर एकदम थांबू नका. तिथे कोसळणारे बहुतेक जण उष्माघाताचे नसतात. थांबताच पोटऱ्यांचा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचतं आणि भोवळ येते. असा माणूस आडवा करून पाय फूटभर उचलून धरले की दोन-तीन मिनिटांत नीट बोलायला लागतो. पाय उचलूनही बोलणं तुटकच राहिलं, किंवा फिनिशच्या आधीच पडला असेल, तर वेळ न घालवता बर्फ.